साठा वाढला, पण सोनं तेवढंच

प्रश्न: आम्ही मूळचे विट्याजवळचे, सोनं-चांदी गाळण्याच्या, गलाईच्या धंद्यातलं घर. एफडीचे आठ लाख सुटलेत. भाचा म्हणतो, त्यातले पाच लाख एका छोट्या सोनेखाण कंपनीच्या शेअरमध्ये टाका; भाव वाढला की सोन्यापेक्षा खाण जास्त वाढते. कंपनीने 'सोन्याचा साठा ३० टक्क्यांनी वाढला' असं जाहीरही केलंय. मुलीचं लग्न तीन वर्षांवर आहे. टाकू का?

उत्तर: पाच लाख नका टाकू. का ते सांगतो, आणि तुम्ही गलाईतले असल्याने मला फार फोड करून सांगावं लागणार नाही.

सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेतो. त्या केरात सोनं आहे की नाही हा त्याचा प्रश्न नसतोच, सोनं असतंच. केर जाळून, धुऊन, गाळून हाती येणारं सोनं त्या खटाटोपाचा खर्च भागवेल का, एवढंच तो बघतो. भाव चढला की काल टाकून दिलेला केरही आज घेण्यासारखा होतो. खाणीचं गणित हेच आहे. एक टन दगडात किती ग्रॅम सोनं आहे ती त्याची ग्रेड. किमान किती ग्रॅम असेल तरच दगड गिरणीत न्यायचा, ती रेषा म्हणजे कट-ऑफ ग्रेड. रेषेच्या वर ते खनिज, खाली तो दगड. ही रेषा निसर्गाने आखलेली नसते, ती भाव आणि खर्च मिळून आखतात.

तुमच्या कंपनीचे आकडे माझ्यापुढे नाहीत, म्हणून हिशोबाला सोपे आकडे घेतो. एक टन दगड खणून, दळून, सायनाइडने सोनं वेगळं करण्याचा सगळा खर्च ४,५०० रुपये धरा. दगडातल्या सोन्यापैकी ९० टक्केच हाती येतं. भाव ग्रॅमला ६,००० असेल तर दगडातल्या एका ग्रॅममागे ५,४०० रुपये मिळतील, म्हणजे टनाला किमान ०.८३ ग्रॅम हवं. भाव १०,००० झाला की ०.५ ग्रॅमवर भागतं. ०.७ ग्रॅमचा दगड काल कचरा होता, आज खनिज झाला. तो जागचा हललेला नाही.

आता समजा ०.८३ च्या रेषेवर खाणीत ८० लाख टन खनिज आहे, सरासरी १.६ ग्रॅमचं, म्हणजे १२.८ टन सोनं. रेषा ०.५ वर आणली की खनिज १ कोटी ४० लाख टन होतं, पण सरासरी १.२ वर घसरते आणि सोनं १६.८ टन भरतं. साठा साधारण ३० टक्क्यांनी वाढला! तुमच्या कंपनीनेही असंच केलंय असं मी म्हणत नाही, नव्याने ड्रिलिंग करूनही साठा वाढतो. पण दोन्हींत फरक आहे आणि तो बातमीच्या मथळ्यात दिसत नाही.

पुढची गोष्ट भाच्याला मुद्दाम सांगा. गिरणी वर्षाला दहा लाख टनच दळू शकते. १.६ ग्रॅमचा दगड घातला तर वर्षाला १.४४ टन सोनं निघायचं, १.२ चा घातला तर १.०८ टन. खाणीचं आयुष्य आठ वर्षांवरून चौदावर गेलं, पण दरवर्षी निघणारं सोनं पाव हिश्शाने कमी झालं. हे नुसतं कागदावरचं नाही. १९७० साली दक्षिण आफ्रिकेने सुमारे १,००० टन सोनं काढलं होतं; पुढच्या दहा वर्षांत भाव कितीतरी पट वाढला आणि १९८० साली उत्पादन ६७५ टनांच्या आसपास उतरलं. चांगल्या भावात हलका दगड काढून खाणी लांबवणं, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

मग भाचा चुकतोय का? अर्धा बरोबर आहे. त्याच ०.७ ग्रॅमच्या दगडावर भाव १०,००० असताना टनामागे १,८०० रुपये सुटतात. भाव १२,००० झाला तर ३,०६० सुटतील. भाव २० टक्के वर, नफा ७० टक्के वर. पण भाव ८,००० वर आला तर उरतात ५४० रुपये, आणि ७,१०० च्या आसपास तो दगड पुन्हा कचरा. कट-ऑफच्या काठावर बसलेल्या खाणीचा झोका दोन्ही बाजूंनी असाच जातो. दुसरं म्हणजे भाव चढतो तेव्हा डिझेल, मजुरी, रसायनंही बहुधा स्वस्त राहत नाहीत. टनाचा खर्च ५,५०० झाला तर १०,००० च्या भावातही रेषा ०.६१ वर जाते. शिवाय कट-ऑफवरचा दगड फक्त रोजचा खर्च भागवतो. खाण उभारायला काढलेलं कर्ज फेडायचं तर सरासरी ग्रेड त्याच्या बरीच वर लागते. छोट्या कंपन्या बहुतेक इथेच अडकतात.

उतरत्या भावात काय होतं ते बॅरिक या जगातल्या बड्या सोनेखाण कंपनीच्या वहीत बघा. २०१२ च्या अखेरीस तिने औंसाला १,५०० डॉलर भाव धरून सुमारे १४ कोटी औंस साठा दाखवला होता. २०१३ मध्ये सोनं कोसळलं. त्या वर्षाअखेरीस तिने १,१०० डॉलर धरून हिशोब केला आणि साठा १०.४ कोटी औंसांवर आला. थोडं खणून संपलं होतं, खर्चही वाढले होते, पण फरकाचा एक मोठा वाटा धरलेला भाव उतरवल्याने गेला होता. त्यातून बहुधा शहाणपण आलं असावं; २०२४ च्या अखेरीस बाजारात भाव २,६०० डॉलर होता तेव्हा तिने साठ्यासाठी १,४०० च धरला.

आणि ग्रेड जास्त म्हणजे खाण चांगली, असंही समजू नका. कोलारची खाण २००१ च्या फेब्रुवारीत बंद झाली तेव्हा तिच्या दगडात टनाला काही ग्रॅम सोनं होतं. पण तो दगड तीन किलोमीटरपर्यंत खोल होता आणि जागतिक भाव जेमतेम २६० डॉलर. उलट ऑस्ट्रेलियातलं बॉडिंग्टन टनाला एक ग्रॅमही न भरणाऱ्या दगडावर चालतं, कारण तिथे उघड्या खड्ड्यातून प्रचंड प्रमाणात दगड निघतो.

तेव्हा कंपनीच्या अहवालात साठ्याच्या तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा. कोणता भाव धरलाय, कट-ऑफ किती, आणि दोन्ही गेल्या वर्षी काय होते? टन वाढलेत आणि सरासरी ग्रेड घसरलीय, असं दिसलं तर समजा रेषा बहुधा खाली सरकवली आहे. 'रिसोर्स' आणि 'रिझर्व्ह' यांतला फरकही बघा. रिसोर्स म्हणजे जमिनीत असल्याचा अंदाज. रिझर्व्ह म्हणजे त्यातला खर्च वजा जाता काढण्यासारखा ठरलेला भाग. भाच्याच्या बातमीत नुसता 'साठा' शब्द आहे, त्यामागे यातलं नेमकं कोणतं आहे ते त्याला विचारा. धरलेला भाव आजच्या बाजारभावाला चिकटून असेल तर त्या शेअरच्या वाटेला जाऊ नका.

पैशांचं म्हणाल तर लग्नाच्या रोख खर्चाचे साडेचार लाख पुन्हा एफडीतच ठेवा. मुलीच्या दागिन्यांसाठीचे तीन लाख गोल्ड ईटीएफमध्ये, पण एकदम नाही, दीड वर्षात दरमहा थोडे थोडे. तिला लागणार आहे ते सोनं, सोनं काढणारी कंपनी नव्हे. उरलेले पन्नास हजार खाणींत घालायची हौस असेल तर एका छोट्या कंपनीऐवजी अनेक खाणकंपन्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात घाला, आणि लग्नाच्या हिशोबात ते धरू नका.