नाइन-बॉलमधला सर्वात छोटा बॉल आणि ब्रेकनंतरचा पुश आउट

प्रश्न : नाइन-बॉलमध्ये सर्वात छोट्या नंबरचा बॉलच आधी मारावा लागतो ना? मग काल समोरच्याने ब्रेकनंतर ‘पुश आउट’ म्हणून पांढरा नुसताच बाजूला सरकवला, १ नंबरला लागलाही नाही, तरी फाउल नाही म्हणाला. हे कसं काय?

तो बरोबर होता, फक्त त्याने ‘पुश आउट’ हे शॉट मारायच्या आधी म्हटलेलं असायला हवं. मी नागपुरात धरमपेठेतल्या एका क्लबात खेळतो. तिथे बहुतेक जण स्नूकर किंवा एट-बॉलवरून आलेले, त्यामुळे या दोन नियमांवरून जवळपास रोज वाद होतो.

आधी छोट्या बॉलचं बघू. नियम एवढाच आहे की पांढरा सर्वात आधी टेबलावरच्या सर्वात छोट्या नंबरच्या बॉलला लागला पाहिजे. तोच बॉल आत गेला पाहिजे असं कुठेच नाही. १ ला नीट लागून ५ आत गेला, तर पाळी तुमचीच आणि पुढचा बॉल पुन्हा १. १ ला लागून ९ आत गेला, तर गेमच जिंकलात. पांढरा आधी कुशनला लागून मग १ ला लागला तरी चालतं. लोक विसरतात ती पुढची अट. १ ला लागल्यानंतर एखादा बॉल आत तरी जायला हवा, नाहीतर कोणत्या ना कोणत्या बॉलने, पांढरा धरून, कुशन तरी गाठायला हवं. हळूच टेकवून ठेवला तर फाउल. आणि इथे फाउलचे स्नूकरसारखे चार पॉइंट नाहीत. समोरच्याला पांढरा हातात मिळतो, टेबलावर कुठेही ठेवायला. बरा खेळाडू असला तर त्यात गेम जातो.

म्हणूनच पुश आउट आहे. ब्रेकनंतर पांढरा कुठे थांबेल ते बरंचसं नशिबावर असतं, आणि १ कशाच्या तरी आड गेला म्हणून लगेच गेम गमवावा लागू नये. पूर्वी पुश आउट गेममध्ये कधीही घेता यायचा. आता तो फक्त ब्रेकच्या लगेच पुढच्या शॉटला मिळतो. ब्रेकवर बॉल गेला असेल तर हा शॉट ब्रेक करणाऱ्याचा, नसेल गेला तर समोरच्याचा. ब्रेकवरच पांढरा आत गेला असेल तर समोरच्याला तो हातातच मिळतो, तिथे पुश आउट नाही.

पुश आउट म्हटला की त्या एका शॉटपुरत्या ‘छोटा बॉल आधी’ आणि ‘कुशन गाठा’ या दोन्ही अटी सुटतात. बाकी फाउल कायम : पांढरा आत गेला, बॉल टेबलाबाहेर उडाला, क्यू दोनदा लागली, तर फाउलच. फाउल झाला नाही तर समोरचा ठरवतो, आहे तसं स्वतः खेळायचं की तुम्हालाच परत द्यायचं. परत दिलं तर तुम्हाला नेहमीच्या नियमाने खेळावं लागतं.

सगळं कौशल्य या निवडीत आहे. समजा १ पलीकडच्या छोट्या कुशनच्या मध्यावर जवळजवळ चिकटलाय, पांढरा अलीकडच्या डाव्या कोपऱ्यात, आणि त्या दोघांच्या मधे ६ आणि ८ आड आलेत. कुशनवरून १ गाठायला गेलात आणि चुकलात तर पांढरा समोरच्याच्या हातात. पुश घेऊन १ सरळ पॉट होईल अशी जागा केलीत, तर तो आनंदाने खेळेल. अजूनच अडचणीत ठेवलात, तर तो तुमच्याच गळ्यात घालेल. म्हणून पांढरा उजवीकडे दीड-दोन फूट सरकवायचा, ८ च्या शेजारून १ ची फक्त कड दिसेल इतपत. तिथून पॉट जवळजवळ नाहीच. पण १ ला बारीक लावून पांढरा कुशनवरून परत अलीकडे, ६ आणि ८ च्या मागे आणता येतो. हा शॉट तुमच्या हातात बसलेला असेल आणि त्याच्या नसेल, तर निवड त्याने कुठलीही केली तरी तुमचं नुकसान नाही. त्याने परत दिला तर तुम्ही त्याला अडकवता, आणि पॉटच्या मोहात स्वतः खेळला तर बहुतेक चुकतो. पावसाळ्यात आपल्याकडे कापड दमट होऊन बॉल जड चालतो, तेव्हा थोडा जास्त जोर द्या, नाहीतर ८ च्या मागेच राहाल.

अजून एक. पुश आउटवर गेलेला बॉल आतच राहतो, फक्त ९ गेला तर तो परत रॅकच्या टोकाच्या जागेवर, म्हणजे फूट स्पॉटवर, ठेवतात. त्या शॉटने गेम जिंकता येत नाही. पण ९ भोकाच्या तोंडाशी लटकलाय आणि १ वरून तो समोरच्याला सहज मिळेल असं दिसलं, तर पुश म्हणून मुद्दाम ९ आत घालून तो तिथून हलवणं ही पूर्ण नियमात बसणारी चाल आहे.

काल तो शॉटआधी बोलला नसेल, तर मात्र तो साधा शॉट धरायचा आणि पांढरा तुमच्या हातात.