आठवड्याच्या संस्कार शिबिराचं संमतीपत्र: आषाढी, शेंगदाणे आणि घरी पाठवण्याचा नियम

प्रश्न: आमचं मंडळ अमेरिकेत जुलैमध्ये १० ते १६ वयाच्या ४० मुलांचं निवासी संस्कार शिबिर घेत आहे. रविवार ते शनिवार, भाड्याने घेतलेल्या कॅम्पवर. मधे आषाढी एकादशी येते. पालकांना द्यायचं पत्र, संमतीपत्र आणि नियम कसे लिहावेत?

उत्तर: आधी दोन कागद वेगळे करा. पालकांना लिहायचं पत्र मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत द्या. बऱ्याच घरांत एकाला मराठी वाचता येत नाही, आणि न वाचलेल्या पत्राच्या भरवशावर दिलेली संमती अर्धीच असते. सहीचं संमतीपत्र मात्र इंग्रजीतच ठेवा. रात्री दोन वाजता तो कागद इमर्जन्सी रूममधल्या डॉक्टरच्या हातात जाणार असतो.

पत्रात दिनक्रम खरा लिहा. "भारतीय संस्कृतीची ओळख" असं मोघम लिहून पाठवलं आणि मूल घरी येऊन "रोज दोन वेळा आरती होती" म्हणालं, की मिश्रधर्मीय घरातले आईवडील रागावतात, आणि त्यांचा राग रास्त असतो. असं लिहा: "रोज सकाळी ६.३० ला प्रार्थना व सूर्यनमस्कार, संध्याकाळी ७ ला आरती, एकादशीला दिंडी व हरिपाठ. आरतीला सर्वांनी उपस्थित राहावं. नमस्कार करणं, गंध लावणं, प्रसाद घेणं ऐच्छिक आहे." मुलींच्या पाळीबद्दलही एक वाक्य हवंच: "पाळी असली तरी कोणत्याही कार्यक्रमातून कोणालाही वगळलं जाणार नाही, पॅड प्रथमोपचाराच्या खोलीत मिळतील." हे लिहिलं नाही तर एखाद्या काकू चांगल्या हेतूने मुलीला बाजूला बसवतात, आणि ती मुलगी पुढच्या वर्षी येत नाही.

आता आषाढी. आपल्या उपासाच्या ताटात शेंगदाणा जवळजवळ सगळीकडे असतो: साबुदाणा खिचडीत कूट, बटाट्याच्या भाजीत कूट, दाण्याची आमटी, वर दाण्याची चिक्की, आणि कित्येकदा तेलही शेंगदाण्याचं. शिबिरातला सर्वांत धोक्याचा दिवस हाच, आणि नेमक्या याच दिवसाबद्दल संमतीपत्र गप्प असतं. "अ‍ॅलर्जी आहे का? हो/नाही" एवढ्या रकान्यावर पालक "नट्स" लिहून मोकळे होतात. त्यावरून स्वयंपाकघराला काहीच कळत नाही, कारण शेंगदाणा, काजू आणि तीळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाला खिचडी चालत नाही, तर दुसऱ्याला खिचडी चालते पण काजूकतली चालत नाही. प्रत्येक पदार्थाला वेगळा चौकोन ठेवा: शेंगदाणा, काजू-बदाम-अक्रोड, तीळ, दूध, गहू, अंडं. पुढे तीन प्रश्न विचारा: खाल्ल्यावर नेमकं काय होतं (पुरळ, उलटी, श्वास अडकणं), शेवटचं कधी झालं, आणि तेव्हा कोणतं औषध दिलं.

समजा ११ वर्षांच्या मुलाच्या कागदावर असं आलं: शेंगदाणा, ओठ सुजतात व श्वास अडकतो, एपिपेन आहे, दमाही आहे. मग पुढची पावलं ठरलेली आहेत. शिबिराच्या तीन आठवडे आधी एका ठरावीक व्यक्तीने त्या घरी फोन करायचा. त्याच्या डॉक्टरने सही केलेला अ‍ॅलर्जी अ‍ॅक्शन प्लॅन मागायचा. दोन एपिपेन मूळ खोक्यात, मुदत तपासून, नावाची चिठ्ठी लावून आणायला सांगायचं. एका डोसाने भागेलच असं नसतं, म्हणून दोन. बाकी औषधं कुलूपबंद पेटीत राहतात, पण एपिपेन आणि दम्याचा पंप मुलाबरोबर किंवा त्याच्या गटाच्या प्रमुखाच्या कमरेच्या पिशवीत. किल्ली शोधण्यात मिनिटं घालवणं परवडत नाही. संमतीपत्रात असं वाक्य हवं: "गंभीर लक्षणं दिसताच प्रशिक्षित स्वयंसेवक एपिपेन देईल, लगेच ९११ ला फोन करेल आणि त्यानंतर पालकांना कळवेल." हा क्रम पालकांनी आधीच वाचून सही केलेला असला, की स्वयंसेवक "आधी आईला विचारू" म्हणून थांबत नाही.

आणि खिचडी? कुटाशिवाय, ओलं खोबरं घालून, सूर्यफुलाच्या तेलात किंवा तुपात करा, आणि सगळ्या ४० जणांसाठी तीच. वेगळं पातेलं ठेवलं तरी डाव एकच फिरतो. घरून आणलेले लाडू-चिक्की पहिल्याच दिवशी पालकांबरोबर परत पाठवायचे. तसं पत्रात ठळक लिहा. उपास ऐच्छिक आहे आणि निर्जळी उपासाला परवानगी नाही, हेही लिहा. मधुमेह असलेल्या किंवा रोज गोळ्या घेणाऱ्या मुलांनी नेहमीचं जेवायचं.

औषधांत आपल्या घरांची एक खास अडचण आहे. बॅगेत भारतातून आणलेली क्रोसिन असते. मुलाने सकाळी ती स्वतःच घेतली आणि दुपारी स्वयंसेवकाने टायलेनॉल दिलं, तर एकच औषध दोनदा जातं, कारण दोन्हींत पॅरासिटामॉलच आहे. म्हणून नियम: लेबल असलेल्या मूळ बाटलीतलीच औषधं, पहिल्या दिवशी नोंद करून जमा. डब्यातल्या सुट्या गोळ्या आणि आयुर्वेदिक पुड्या घेतल्या जाणार नाहीत. डोकेदुखी, ताप, खाज यांसाठी शिबिरातर्फे कोणतं औषध देता येईल, त्यावर पालकांनी एकेक खूण करायची.

आचरणाचे नियम थोडे ठेवा, आणि डोळ्यांनी दिसतील असे लिहा. "शिस्त पाळावी" हा नियम नाही. "रात्री १० वाजता दिवे बंद, त्यानंतर दुसऱ्या केबिनमध्ये जाणं बंद" हा नियम आहे. "फोन सकाळी जमा, रोज संध्याकाळी ६ ते ६.३० मिळेल, कपडे बदलायच्या खोलीत फोटो काढणं पूर्ण बंद." मोठ्यांसाठीही एक नियम त्याच कागदावर हवा: कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही. पालक तो वाचतातच. १२ वर्षांवरच्या मुलांनी नियमांवर स्वतःही सही करायची.

सगळ्यात जास्त भांडणं घरी पाठवण्याच्या नियमावरून होतात, कारण तो "गैरवर्तन केल्यास कारवाई होईल" इतका मोघम असतो. कशासाठी लगेच घरी पाठवणार ते लिहा: मारहाण, व्हेप किंवा दारू, परवानगीशिवाय कॅम्पबाहेर जाणं, कोणाचे खासगी फोटो काढणं. कोण ठरवणार (शिबिरप्रमुख आणि मंडळाचा एक पदाधिकारी, दोघं मिळून), पालकांनी किती तासांत यायचं (सहा ठीक), तोवर मूल कुठे बसणार (दोन मोठ्यांबरोबर कार्यालयात) आणि फी परत मिळणार का, हेही. पालक भारतात गेले असतील तर सहा तासांच्या आत पोचू शकेल अशा दुसऱ्या व्यक्तीचं नाव, फोन आणि सही हवी. नेणाऱ्याचं ओळखपत्र यादीशी ताडून मगच मूल सोपवा. आईवडील विभक्त असतील तर कोण नेऊ शकतं, हे नावानिशी लिहून घ्या.

जबाबदारी नाकारणारा परिच्छेद इंटरनेटवरून उचलू नका. मुलाच्या वतीने पालकांनी सोडलेला हक्क प्रत्येक राज्यात टिकतोच असं नाही. तो मजकूर विमा कंपनी आणि स्थानिक वकील यांना दाखवा. राज्याचे कॅम्पचे नियमही पाहा. न्यूयॉर्कमध्ये मुक्काम सात रात्री किंवा जास्त असेल तर मेनिंजायटिसच्या लशीची माहिती पालकांना द्यावी लागते. रविवार ते शनिवार सहाच रात्री होतात. शनिवारी समारोपाला मुलांना रात्रीही ठेवून घ्यायचं मनात असेल, तर हे आधी मोजा.

भरलेल्या कागदांच्या दोन प्रती काढा. एक प्रथमोपचाराच्या खोलीत, दुसरी हॉस्पिटलला जायला ठेवलेल्या गाडीत. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची यादी स्वयंपाकघराच्या आतल्या बाजूला लावा, जेवणाच्या हॉलमध्ये नाही.