पंक्टल प्लग: कधी बसवावा आणि तो दिसेनासा झाला तर

"आईचे डोळे कोरडे पडतात. तासातासाला थेंब घालूनही वाळू गेल्यासारखं खुपतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी प्लग सुचवलाय. त्याने नक्की काय होतं? आत हरवला तर?"

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला एकेक बारीक छिद्र असतं. पाणी तिथून नाकात उतरतं. म्हणूनच रडलं की नाक वाहतं. प्लग म्हणजे त्या मोरीला लावलेलं बूच. तो नवं पाणी तयार करत नाही, आहे ते अडवून धरतो. साहजिकच डोळ्यात जे असेल तेच साठतं. पापण्यांच्या कडा सुजलेल्या असतील, सकाळी चिपडं येत असतील, तर आधी त्याचा इलाज व्हायला हवा, नाहीतर दाहाचं पाणीच डोळ्यात मुरतं. प्लगनंतर थेंबही जास्त वेळ टिकतात, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागून घ्या.

माझ्या मोठ्या बहिणीला आमवात आहे, त्यातूनच डोळे कोरडे. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवली तर ती जेमतेम ३ मिलिमीटर भिजली. ५ च्या खाली म्हणजे बराच कोरडेपणा. आधी काही दिवसांत विरघळणारा कोलॅजनचा प्लग घातला. त्या दिवसांत आराम पडला आणि गालावर पाणीही ओघळलं नाही, म्हणून मग छिद्राचं माप घेऊन फक्त खालच्या पापण्यांत सिलिकॉनचे बसवले. बसवायला मिनिटभर लागलं.

आता हरवण्याबद्दल. त्याला वर छोटी टोपी असते. खालची पापणी किंचित बाहेर ओढली की आरशात नाकाशेजारी ठिपका दिसतो. मे महिन्यात आमच्याकडे घामाने डोळे चुरचुरतात, आणि ताईने पंचाने खसखसून पुसले. उजवा ठिपका गायब! बहुतेक वेळा प्लग असाच बाहेर पडतो, तोही नकळत. पण खात्री करायला डॉक्टरांनी छिद्रातून सलाईन सोडून पाहिलं. घशात खारट चव लागली, म्हणजे वाट मोकळी होती. पाणी उलटं आलं असतं तर प्लग आत सरकल्याची शंका घ्यावी लागली असती. नवा बसवताना त्यांनी एक माप मोठा घेतला.

टोपी बुबुळाच्या बाजूला घासली तरी खुपतं, सतत पाणी गळू लागतं. तेव्हा तो काढता येतो. मात्र घरी चिमटा लावू नका. नाकाच्या बाजूची जागा सुजली, दुखली, दाबल्यावर पू आला, तर नलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्या दिवशी थेंबांवर भागवू नका, लगेच दाखवा. छिद्रापाशी लाल मांसाचा गोळा वाढला तरीही.

प्लगने फायदा होतोय पण तो वारंवार पडतोय असं झालं, तर छिद्र डाग देऊन बंद करतात. ते मोकळं करणं सोपं नसतं, म्हणून प्लगचा अनुभव घेतल्याशिवाय त्याला होकार देऊ नका. आणि हो, आईंना सांधेदुखी किंवा तोंडाला कोरड असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.