दम लागतो म्हणून पळणं सोडणारी आठवीची मुलं

“मॅडम, मी तालुक्याच्या गावी शाळेत खेळाचा शिक्षक आहे. आठवी-नववीच्या मुलांसाठी सकाळी पळण्याचा उपक्रम सुरू केला. पहिल्या दिवशी चाळीस आली, महिनाभरात बारा-तेरा उरली. पोरं सुरुवातीला सुसाट सुटतात, दोन-तीन मिनिटांत कमरेवर हात ठेवून उभी राहतात आणि म्हणतात, ‘सर, आपल्याला नाही जमत.’ मुली तर दम लागला की लाजूनच येणं बंद करतात. पुढे ६०० मीटरची फिटनेस चाचणीही आहे. काय करू?”

सरांच्या विनंतीवरून मी एका सकाळी त्यांच्याकडे गेले. शाळेचं मैदान लहान होतं, पण मागे कालव्याकडेने सरळ कच्चा रस्ता आणि विजेच्या खांबांची रांग होती. सरांना म्हटलं, आज वेग-बिग काही सांगू नका. तीन मिनिटं झाली की शिट्टी वाजवा. जो जिथे असेल तिथून मागे फिरेल आणि निघालेल्या जागी परत येईल. दमला तर चालेल.

एक मुलगा सगळ्यांच्या पुढे होता. शिट्टी वाजली तेव्हा तो अकराव्या खांबापाशी पोहोचला होता. परत येताना मात्र सहाव्या खांबाजवळ थांबला, गुडघ्यावर हात टेकले, थोडा चालला, पुन्हा पळाला. निघाल्यापासून परत यायला त्याला सव्वासात मिनिटं लागली. आल्या आल्या तो म्हणाला, “मॅडम, माझा स्टॅमिनाच नाही.” तेरा वर्षांच्या मुलाने तीन मिनिटांत अकरा खांब गाठले होते. त्याला कमी पडत होतं ते ताकदीचं नव्हे, वाटणीचं गणित. कुठला वेग शेवटपर्यंत टिकेल हे त्याला कधी कोणी शिकवलंच नव्हतं. मोठं माणूस वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ते जाणतं. या वयात तो अंदाज अजून कच्चा असतो, त्यात बाजूला मित्र असले की पहिली दोनशे पावलं शर्यतच होते.

म्हणून आम्ही घड्याळ बाजूला ठेवलं आणि मुलांच्या हातात बोलण्याची कसोटी दिली. पळताना बोलता आलं पाहिजे, एवढंच तिचं सूत्र आहे. तिच्यामागचं कारण सरांना नीट समजावून सांगावं लागलं, कारण ते नाडीचे ठोके मोजायच्या विचारात होते. वेग एका हद्दीपलीकडे गेला की स्नायूंमध्ये आम्ल साचू लागतं, ते निष्प्रभ करताना जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वास भराभर चालू लागतो. बोलायला मात्र लांब, सावकाश उच्छ्वास हवा. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून वाक्य तुटतं. वाक्य जिथे तुटतं, साधारण तिथेच ती हद्द असते. नाडीसाठी वापरलं जाणारं ‘२२० वजा वय’ हे सूत्र मुलांना लागू पडत नाही. या वयात कमाल ठोके दोनशेच्या आसपासच राहतात, वर्षागणिक फारसे बदलत नाहीत. शिवाय पळता पळता मनगट धरून ठोके मोजणारा आठवीचा मुलगा मी तरी पाहिलेला नाही.

वाक्य कोणतं घ्यायचं यावर बराच विचार केला. पाढे उपयोगाचे नाहीत, कारण प्रत्येक ओळीनंतर श्वास घ्यायला जागा मिळते आणि दम लपून जातो. प्रत्येकाला पाठ असलेलं लांब वाक्य हवं होतं. प्रतिज्ञेत ते सापडलं: “माझ्या देशातल्या समृद्ध आणि विविधतांनी नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे.” हे एका श्वासात, नेहमीच्या आवाजात म्हणता आलं तर वेग बरोबर. (प्रतिज्ञा सावधान उभं राहूनच म्हणायची असं ज्या शाळेत वाटतं, तिथे पाठ्यपुस्तकातलं तेवढ्याच लांबीचं कोणतंही वाक्य घ्यावं.) वाक्य संपल्यावर जोडीदाराने एकच विचारायचं, “आरामात बोलता आलं?” उत्तरं तीनच: ‘हो’, ‘हो, पण…’ आणि ‘नाही’. ‘नाही’ आलं की चालायचं, हे मुलं आपणहून ओळखतात. शिकवावं लागतं ते ‘हो, पण…’. तिथे थांबायचं नाही, पावलं आखूड करायची आणि पुढच्या वाक्याला ‘हो’ येईपर्यंत वेग उतरवायचा.

मुलं फसवतात, हे सरांना आधीच सांगून ठेवलं होतं. या वयात मित्रासमोर दम लागलेला दाखवणं म्हणजे हार. कोणी वाक्याआधी छाती भरून श्वास घेतो, कोणी एका दमात भरभर म्हणून टाकतो. म्हणून ऐकणाऱ्याने शब्दांकडे नाही, श्वासाकडे लक्ष द्यायचं. ‘विविधतांनी’ आणि ‘नटलेल्या’ यांच्यामध्ये श्वास घेतला गेला की उत्तर काहीही असो, वेग जास्त आहे. वाक्य पळता पळताच म्हणायचं, थांबल्यावर नाही. थांबलं की काही सेकंदांतच दम बसायला लागतो आणि कसोटी खोटी ठरते. आणखी एक गोष्ट. पहिल्या अर्ध्या मिनिटात कितीही जोरात पळा, उत्तर ‘हो’च येतं, कारण श्वासाला वेग गाठायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. त्याच अर्ध्या मिनिटात मुलं फसतात.

कार्यक्रम आठ आठवड्यांचा आखला. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस मोकळा, उन्हं वर यायच्या आत. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालणं, मग एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. एका मिनिटाच्या पळण्यात कसोटी सुरुवातीला काहीच पकडत नाही, म्हणून खरं उत्तर चौथ्या-पाचव्या वेळेला घ्यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पळणं दोन मिनिटं, चौथ्यात तीन, पाचव्या-सहाव्यात चार ते पाच, चालणं हळूहळू एका मिनिटावर. शेवटच्या आठवड्यात पंधरा मिनिटं सलग. पण हे आकडे सरांच्या वहीसाठी होते. ज्याचं शेवटचं पळणं ‘हो’वर संपलं तोच पुढच्या पायरीवर, बाकीचे त्याच पायरीवर आणखी एक आठवडा. अंतर कुठेही मोजलं नाही.

या सगळ्यात माझा सर्वाधिक भरवसा आहे तो जाऊन-येऊन पळण्यावर, शिट्टीला मागे फिरण्यावर. गोल मैदानावर शेवटचा कोण ते सगळ्यांना दिसतं. इथे जलद पळणारा लांब जातो, हळू पळणारा जवळून फिरतो, आणि दोघांनी आपापला वेग सारखा ठेवला तर दोघं एकाच वेळी परततात. उशिरा आलेला मागे पडलेला नसतो, तो जाताना जास्त जोरात गेलेला असतो. चिडवण्याची जागाच उरत नाही. ज्या मुली येणं सोडत होत्या, त्यांच्यासाठी या एका बदलाने जितका फरक पडला तितका माझ्या कोणत्याही बोलण्याने पडला नसता.

तो अकरा खांबांचा मुलगा पहिले दोन आठवडे नाराज होता. “मॅडम, हे पळणं आहे का? माझी आजी याच्यापेक्षा जोरात चालते.” त्याला मी एवढंच म्हटलं, तू वाक्य पूर्ण कर, वेगाचं मग बघू. सरांनाही सांगितलं होतं की ‘हळू पळ’ हे शब्द वापरू नका, त्याला ते कमीपणाचे वाटतात; ‘वाक्य म्हण’ एवढंच ओरडा. पाचव्या आठवड्यात पुन्हा तीन मिनिटांची शिट्टी लावली. या वेळी तो नवव्या खांबापाशी होता, दोन खांब कमी. परत आला तो बरोबर सहाव्या मिनिटाला, बोलत बोलत. मग मी त्याला वही दाखवली. पहिल्या दिवशी बावीस खांब सव्वासात मिनिटांत, आज अठरा खांब सहा मिनिटांत. दोन्हीकडे मिनिटाला तीनच खांब. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे तेव्हा मी उगाच मेलो?” त्यानंतर नव्या मुलांना वाक्य म्हणायला लावणं हे काम त्याने आपणहून घेतलं.

एका मुलीचं मात्र वेगळं निघालं. तिसरा आठवडा संपत आला तरी सर्वांत सावकाश पळतानाही तिचं वाक्य तुटत होतं, आणि नुसतं झपझप चालतानाही उत्तर ‘हो, पण…’ येत होतं. सराव नियमित, लबाडी नाही, तरी कसोटी जागची हलत नाही, तेव्हा कारण वेगात शोधू नये. सरांनी पालकांशी बोलून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तर हिमोग्लोबिन साडेनऊ. या वयाच्या मुलींमध्ये बारापेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी जवळपास ५९ टक्के मुलींमध्ये तो आढळला होता, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही, वाईट वाटलं. ‘आळशी’ म्हणून तिची आईच तिला बोलत असे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. तिला गटातून काढलं नाही. चालणाऱ्यांची तुकडी होती, तिथे ती तेच वाक्य म्हणत राहिली, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पहिल्या पायरीपासून पळू लागली.

याच नजरेने आणखी काही गोष्टींकडे लक्ष ठेवायला सरांना सांगितलं. पळणं थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल तर दम्याची तपासणी हवी. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर किंवा टाचेच्या मागे बोट ठेवलं की दुखत असेल, तर तो झपाट्याने वाढणाऱ्या हाडांवरचा ताण असतो. तेव्हा पळणं कमी करायचं, वाक्य कितीही छान येत असलं तरी. पळताना चक्कर येऊन कोणी पडलं किंवा छातीत दुखलं, तर डॉक्टरांनी तपासेपर्यंत पळणं पूर्ण बंद.

राहिली ६०० मीटरची चाचणी. सर, त्या दिवशी ही कसोटी वापरू नका. ते अंतर मुलं अडीच-तीन मिनिटांत संपवतात, तिथे बोलता येणार नाही आणि येऊही नये. सातव्या आठवड्यापासून आठवड्यातल्या एका दिवशी, शेवटी, एक-एक मिनिट असं तीन वेळा पळवा, ज्यात जेमतेम दोन-तीन शब्द बोलता येतील. मध्ये दोन मिनिटं चालणं. चाचणीच्या दिवशी मुलांना एवढंच सांगा की पहिले दोनशे मीटर आपल्या जोडीदाराच्या मागे राहा, अर्धं वाक्य येईल अशा बेताने, आणि त्यानंतर वाक्य विसरून जा.