तीस पानांचा अहवाल: पानामागे तीनशे की शब्दामागे दीड रुपया?

प्रश्न: मी कोथरूडला राहते, खासगी नोकरी करते, हातात महिन्याला ३६ हजार येतात. एका सामाजिक संस्थेचा भूजलावरचा तीस पानी इंग्रजी अहवाल मराठीत करून द्यायचा आहे. संस्था पानामागे ३०० रुपये देते म्हणते आणि दहा दिवसांत काम मागते. मी शब्दामागे दीड रुपया मागू का? वेळ रोज संध्याकाळी दोन तास आणि रविवारी सहा तास एवढाच आहे.

उत्तर: नमस्कार. दर ठरवण्याआधी अहवालात शब्द किती आहेत हे मोजून घ्यावे, कारण एका पानावर साठ शब्दही असू शकतात आणि साडेचारशेही. फाइल वर्डची असेल तर शब्दसंख्या लगेच कळते. मात्र तळटीपा आणि चौकटींतील मजकूर त्या मोजणीत धरला आहे की नाही, हे त्याच खिडकीतील पर्यायावरून तपासून घ्यावे. आलेखांवर आणि नकाशांवर चित्ररूपात असलेले शब्द कोणत्याही मोजणीत येत नाहीत, ते हातानेच मोजावे लागतात. फाइल स्कॅन केलेली असेल तर सलग मजकुराची दोन-तीन पाने आणि तक्त्यांची एक-दोन पाने मोजून सरासरी काढावी.

अशा अहवालाचा एक नमुना मांडून पाहू. सलग मजकुराची १७ पाने, प्रत्येकी सुमारे ४३० शब्दांची, म्हणजे ७,३१० शब्द. तक्त्यांची ७ पाने साधारण २२० शब्दांची, म्हणजे १,५४०. छायाचित्रांची ४ पाने आणि मुखपृष्ठ-अनुक्रमणिकेची २ पाने मिळून ५००. नकाशे आणि आलेखांवरील शब्द ३५०. एकूण ९,७०० शब्द झाले. संस्थेने देऊ केलेले ९,००० रुपये या संख्येने भागले तर शब्दामागे रुपयाही पडत नाही.

आता वेळ. अहवालाच्या मधल्या भागातले, प्रस्तावनेतले नव्हे, पाचशे शब्द निवडून घड्याळ लावून अनुवाद करून पाहावा. प्रस्तावना सोपी असते आणि तिच्यावरून काढलेला वेग फसवा ठरतो. तांत्रिक मजकुरात नवख्या अनुवादकाला तासाला २५० शब्द जमले तर ते चांगलेच म्हणायचे. त्या हिशेबाने पहिल्या खर्ड्यालाच ३९ तास लागतात. मात्र खर्डा म्हणजे काम पूर्ण नव्हे, आणि वेळेचा अंदाज नेमका याच ठिकाणी चुकतो. जलधर, पुनर्भरण, पाणलोट क्षेत्र अशा संज्ञा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारख्या याव्यात म्हणून आधी शब्दयादी करायला हवी. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश त्यासाठी उपयोगी पडतील, पण यादीला तीन तास धरावेत. मूळ मजकुराशी ओळीओळीने ताडून पाहायला १० तास, तक्ते जुळवून नुसता मराठी मजकूर शेवटचा वाचायला ४ तास आणि संस्थेकडून आलेल्या दुरुस्त्यांना ३ तास. बेरीज ५९ होते. अडचणींसाठी दहा टक्के धरून ती ६५ समजावी.

आपल्याला आठवड्याला १८ तास मिळतात आणि दहा दिवसांत दोन रविवार आले तरी २८ च्या पुढे जात नाहीत. म्हणजे दहा दिवसांची मुदत मान्य करणे शक्य नाही. चार आठवडे मागावेत. रजा टाकून काम लवकर संपवायचा विचार असेल, तर त्या रजेचे मोल दरात धरावे.

आता दर. महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला आठ तास धरले तर आपल्या पगाराचा ताशी दर सुमारे १७३ रुपये येतो. या कामात भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही आणि पैसे वेळेवर मिळण्याची खात्रीही नाही, म्हणून त्यावर निदान तीस टक्के चढवावेत. तो आकडा २२५ होतो. पासष्ट तासांचे १४,६२५ रुपये, म्हणजे शब्दामागे दीड रुपया. आपण सुचवलेला दर अशा रीतीने बरोबर आहे, पण तो शेवटची पायरी म्हणून. बोलणी तिथून सुरू करू नयेत. माझ्या मते दोन रुपये, म्हणजे १९,४०० रुपये, सांगावेत आणि पावणेदोनला, १६,९७५ रुपयांना, मान्य व्हावे. पानामागे तीनशे स्वीकारले तर तासाला १३८ रुपये पडतात, जे आपल्या पगाराहूनही कमी आहेत.

शब्ददर ठरवताना शब्द मूळ इंग्रजीतले की मराठीतले, हे ईमेलमध्ये स्पष्ट लिहून घ्यावे. ‘इन द व्हिलेजेस ऑफ द डिस्ट्रिक्ट’ हे सहा शब्द मराठीत ‘जिल्ह्यातील गावांमध्ये’ असे दोनच होतात, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. प्रत्येक वाक्यात इतका फरक पडत नाही, तरी संपूर्ण अहवालात मराठी शब्द ७,८०० च्या आसपास भरले तर पावणेदोन रुपयांच्या दराने ३,३२५ रुपये हातचे जातात, आणि काम तेवढेच राहते. मूळ मजकुरावरचा दर आपल्याला सोयीचा आहेच, शिवाय काम सुरू होण्याआधीच रक्कम ठरत असल्याने संस्थेलाही तो अडचणीचा नाही.

त्याच ईमेलमध्ये दुरुस्तीची एकच फेरी धरली आहे असे लिहावे आणि तीस-चाळीस टक्के आगाऊ मागावेत. उरलेली रक्कम काम सुपूर्द केल्यापासून पंधरा दिवसांत मिळावी. ‘छापून झाल्यावर’ ही अट मान्य करू नये, कारण छपाई कधी होईल हे आपल्या हातात नसते. मांडणी कोण करणार हेही विचारून घ्यावे. पुण्यातल्या अनेक डीटीपीवाल्यांकडे अजून श्रीलिपीसारखे जुने फाँट वापरतात. युनिकोडमधून त्यात मजकूर नेताना रफार आणि जोडाक्षरे तुटू शकतात, आणि मग सारी पाने पुन्हा तपासावी लागतात. ती तपासणी दरात धरू नये. तिचे तासावर वेगळे पैसे सांगावेत.

कराबद्दल थोडक्यात. अशा मानधनावर दहा टक्के कापले जात असले, तरी एका संस्थेकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळाल्यास सहसा कपात होत नाही, आणि झाली तरी विवरणपत्र भरून ती हिशेबात घेता येते. ही रक्कम उत्पन्नात दाखवावी मात्र लागते. त्याआधी आपले नेमणूकपत्र वाचून बाहेरचे काम करण्यावर बंदी नाही ना, हे पाहून घ्यावे. तसे कलम असेल तर लेखी परवानगीशिवाय या कामाला हात लावू नये.

संस्थेकडे खरोखर ९,००० रुपयेच असतील तर दर उतरवण्यापेक्षा काम कमी करावे. दोन रुपयांच्या दराने त्या रकमेत ४,५०० शब्द बसतात: सारांश, निष्कर्ष, शिफारशी आणि गावकऱ्यांना लागणारी एक-दोन प्रकरणे. तक्ते इंग्रजीतच ठेवून त्यांची फक्त शीर्षके मराठीत द्यावीत. इतके काम तीस तासांच्या आसपास होते, म्हणजे आपल्या सवडीने दोन आठवड्यांत.