पोरगा अडकलाय खरा, पण नेमका कुठे?

"सर, मुलगा ३१ वर्षांचा, डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ८ वर्षं क्वालिटीला आहे. हातात ३४ हजार. कस्टमर आले की हाच पुढे, कंप्लेंट आली की रात्री-अपरात्री हाच जातो, पण तीन वर्षं पोस्ट तीच, वरचे साहेब काय हलत नाहीत. मेव्हण्याचा मुलगा आयटीत आहे, ते बघून मी डेटा सायन्सचा कोर्स शोधलाय. २ लाख ४० हजार फी, १०० टक्के प्लेसमेंट, नोकरी सोडून ८ महिने फुल टाइम. स्थळंवाले पण पगार विचारतात. हा नुसता 'बघू' म्हणतो. त्याला कसं पटवू?"

नमस्कार काका,

पटवू नका. ३१ वर्षांच्या माणसाचा कोर्स तुम्ही शोधलाय, फी तुम्ही काढलीय, पत्र पण तुम्हीच लिहिलंय, आणि त्याचा त्यात एकच शब्द आहे, 'बघू'. हे 'बघू' म्हणजे आळस नसतो बऱ्याचदा, घरात वाद नको म्हणून माणूस असं बोलतो. मेव्हण्याचा मुलगा आणि स्थळं ही तुमची टेन्शन्स आहेत, ती खोटी आहेत असं मी म्हणत नाही, पण त्यावरून फील्ड बदलायचं ठरवायचं नसतं. त्याला ते काम आवडतं का, एवढं एकदा तरी विचारलंत का? पत्रात तरी दिसलं नाही.

आता तो अडकलाय का? हो, अडकलाय. पण अडकणं दोन प्रकारचं असतं आणि लोक सगळ्यालाच 'ग्रोथ नाही' म्हणून मोकळे होतात. एकात कामच संपलेलं असतं, म्हणजे रोज तेच गेज, तोच रिपोर्ट, आठ वर्षांचा अनुभव म्हणजे खरं तर एकच वर्ष आठ वेळा. दुसऱ्यात काम वाढत असतं पण वर खुर्चीच नसते. ओळखायचं सोपं आहे. तीन वर्षांपूर्वीचा बायोडेटा काढायचा आणि आज त्यात खरोखर नवीन काय लिहिता येईल ते बघायचं. क्वालिटीत तर अजून स्पष्ट कळतं: कस्टमर कंप्लेंटचा एट-डी रिपोर्ट, म्हणजे प्रॉब्लेमचं मूळ कारण आणि उपाय मांडायचा असतो तो, कोण लिहितं? नवीन पार्टची पीपॅप फाइल, म्हणजे प्रॉडक्शन सुरू करायच्या आधी कस्टमरची मंजुरी घ्यायची असते ती, कोण तयार करतं? ऑडिटला उत्तरं कोण देतं? तुम्हीच लिहिलंय की कस्टमर आले की हाच पुढे असतो. म्हणजे बहुतेक खुर्ची अडलीय, काम नाही. आणि खुर्ची अडली असेल तर कोर्स करून काय होणार, साहेब तर तिथेच बसलेले राहणार.

त्या कोर्सचा हिशोब एकदा मांडा. फी २ लाख ४० हजार, आणि ८ महिने पगार नाही म्हणजे अजून २ लाख ७२ हजार, झाले ५ लाखांच्या वर. त्यानंतर मिळणार काय? मोठ्या आयटी कंपन्यांचं साधं फ्रेशर पॅकेज कित्येक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतंय, आणि हा आत्ता वर्षाला ४ लाखांच्या वर घरी आणतो. तेही डिग्री असेल तर, कारण तिथे फिल्टरच इंजिनिअरिंग किंवा दुसऱ्या पदवीचा असतो, डिप्लोमावर अर्ज पुढेच जात नाही. '१०० टक्के प्लेसमेंट'च्या खाली बारीक अक्षरात 'असिस्टन्स' लिहिलंय का बघा, त्याचा अर्थ ते इंटरव्ह्यूला पाठवतील, बस्स. आणि फी हप्त्यांनी असेल तर ते बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, मुलाच्या नावावर. क्लास मधेच सोडला तरी हप्ता काय थांबत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज हा की आठ वर्षांचा अनुभव सोबत येतो. नाही येत. बाहेरच्या फील्डमध्ये तो शून्य धरतात आणि २२ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं करतात. तो अनुभव जिथे मोजला जातो तिथे आडवं सरकणं हाच याचा रस्ता मला दिसतो. म्हणजे प्लांट क्वालिटीतून सप्लायर क्वालिटीत. आज हा पार्ट बनवणाऱ्याच्या बाजूने कस्टमरला उत्तरं देतो, उद्या पार्ट घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या बाजूने व्हेंडरला प्रश्न विचारायचे, भोसरी, वाळूज, कोल्हापूरच्या फाउंड्र्या असं फिरायचं. सुरुवातीला पगारवाढ थोडी वाटेल, पण तिथे वर पायऱ्या आहेत. आणि ब्रेक ईव्हीला पण लागतातच, हे बरं आहे. सायलेन्सर किंवा क्लचच्या कंपनीत असता तर मी आधी प्रॉडक्ट बदल म्हणालो असतो, पोस्टचं नंतर.

आता थोडं शिकायला लागेलच, पण २ लाख ४० हजारांचं नाही. हा भाग त्याला वाचायला द्या. एफएमईए, म्हणजे पार्ट कुठे आणि कसा फेल होऊ शकतो ते आधीच मांडायचं, त्यात २०१९ पासून नवीन हँडबुक आलंय, जुना आरपीएन, म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार, जाऊन ॲक्शन प्रायॉरिटी आली. एका फेल्युअरला गंभीरता ९, होण्याची शक्यता ४, सापडण्याचा आकडा २, गुणाकार ७२. दुसऱ्याला ५, ५, ३, गुणाकार ७५. जुन्या पद्धतीत दुसरं आधी सोडवायचं. नवीन पद्धतीत गंभीरता आधी बघतात, म्हणून पहिलं 'हाय' आणि दुसरं 'लो' येतं, आणि ब्रेकमध्ये तेच बरोबर आहे, ९-१० म्हणजे कायद्याचा किंवा सेफ्टीचा मामला. हे त्याला स्वतःच्या पार्टवर समजावून सांगता आलं तर तो तयार आहे. नाही आलं तर एफएमईए, एमएसए, एसपीसी वगैरे कोअर टूल्स आणि इंटर्नल ऑडिटरचं ट्रेनिंग शनिवार-रविवारी होतं, नोकरी न सोडता.

एक सांभाळायचं. 'सप्लायर क्वालिटी' नाव देऊन काही ठिकाणी नुसतं कस्टमरच्या दारात बसवून माल निवडायला लावतात, रेसिडेंट म्हणून, ते आत्ताच्यापेक्षा खाली जाणं आहे. इंटरव्ह्यूत सरळ विचारायचं की व्हेंडरच्या पीपॅपवर सही कोण करतं आणि नवीन पार्टमध्ये मला सुरुवातीपासून घेणार की प्रॉब्लेम आल्यावर. उत्तर गोलगोल आलं की नमस्कार करून उठायचं.

डिप्लोमाची भिंत मात्र खरी आहे, मोठ्या कंपन्यांत एचआर तिथेच अडवतं. एआयसीटीईने नोकरी करणाऱ्यांसाठी इंजिनिअरिंग डिग्रीची सोय केलीय, डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, वर्गाच्या वेळा नोकरी सांभाळून. कंपनीपासून जवळच्या कुठल्या कॉलेजला आहे ते बघा, प्रवेशाच्या अटी कॉलेजलाच विचारा. पैसे घालायचेच असतील तर इथे घाला, पण तीन वर्षं थकवणारी आहेत, त्यामुळे हे त्याने ठरवायचं.

आणि समजा त्याला क्वालिटीचाच वीट आलाय, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा, ३१ला फील्ड बदलता येतं. पण राजीनामा न देता. स्वतःच्या शिफ्टच्या रिजेक्शनचा डेटा घेऊन पॉवर बीआय किंवा पायथन तीन महिने घरी करून बघायचं, फुकट शिकता येतं. कोणी न सांगता रविवारी लॅपटॉप उघडून बसत असेल तर मग कोर्सचं बोलू. तेव्हा पत्र त्याला लिहू द्या, सोबत बायोडेटा आणि त्याने लिहिलेला एखादा एट-डी, कंपनीचं आणि कस्टमरचं नाव खोडून.