तीन शब्द, एक रांग आणि कोरा पांढरा कागद

प्रश्न: कॉलेजच्या असाइनमेंटसाठी ब्रिटनमधल्या १९७८ च्या ‘लेबर इझन्ट वर्किंग’ या होर्डिंगचा फोटो दिलाय. रंग, घोषवाक्य, देहबोली आणि जागा यांवर लिहायचं आहे. मला तर नुसती माणसांची रांग दिसते. यात एवढं काय आहे?

उत्तर: नुसती रांग दिसते, हे अगदी बरोबर निरीक्षण आहे. तिथूनच सुरुवात कर. वरचे शब्द हाताने झाकून फोटो बघ. बेकारी कार्यालयाची पाटीही झाक. आता ती माणसं सिनेमाच्या तिकिटासाठी उभी आहेत असंही म्हणता येईल. चित्राला राजकीय अर्थ शब्दांनी दिला आहे. मी जाहिरात संस्थेत असताना नवीन मुलांना पहिल्या दिवशी हेच करायला लावायचो.

घोषवाक्याचं मर्म ‘वर्किंग’ या शब्दात आहे. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ होतात: काम करणं आणि नीट चालणं. त्यात ‘लेबर’ म्हणजे सत्तेवरचा मजूर पक्ष, आणि श्रमिकही. म्हणजे एकाच वाक्यात ‘श्रमिकांच्या हाताला काम नाही’ आणि ‘मजूर पक्षाचा कारभार चालत नाही’. मराठीत ‘मजूर पक्ष कामाचा नाही’ म्हटलं तर अर्धी गंमत येते, उरलेली निसटते. श्लेष उलगडायला वाचणाऱ्याला क्षणभर स्वतः विचार करावा लागतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा तपासत नाही. वाक्यात आकडा नाही की आश्वासन नाही, त्यामुळे खोडून काढायला काही हाती लागत नाही. हे पोस्टर विरोधी बाकांवरच्या हुजूर पक्षाचं, आणि त्याच्या नेत्या मार्गारेट थॅचर यांनीच आधी नाक मुरडलं होतं असं सांगतात: आपल्या पोस्टरवर विरोधकांचं नाव सर्वांत मोठं कशाला?

रंगाबद्दल लिहिताना ‘लाल म्हणजे धोका, निळा म्हणजे विश्वास’ असलं छापील उत्तर देऊ नकोस. इथे रंग जवळजवळ वापरलेलाच नाही. मोकळी पांढरी पार्श्वभूमी आणि ठळक काळी अक्षरं. रांगेमागे रस्ता नाही, इमारत नाही, त्यामुळे ती कुठल्याही गावातली वाटते. हुजूर पक्षाचा उल्लेख खाली लहान अक्षरांत येतो. (आपल्याकडच्या फ्लेक्सवर नेत्याभोवती तीस शुभेच्छुकांचे चेहरे चिकटवतात. नेमकं त्याच्या उलट.)

देहबोलीत एकेका माणसाचा हात कुठे आहे हे शोधत बसू नकोस. इथे देह रांगेचाच आहे. ती नागमोडी वळत मागे जाते, माणसं बारीक होत जातात, डोळा तिच्यामागे ओढला जातो. एकही चेहरा ठळक नाही. ठळक असता तर ती एका माणसाची गोष्ट झाली असती, आणि ‘याला काम का नाही?’ असा प्रश्न त्याच्याबद्दल पडला असता. चेहरा नसला की त्या जागी आपण स्वतःला बघतो.

आता खरी मेख. ती माणसं बेकार नव्हतीच. हे पोस्टर बनवणाऱ्या साची अँड साची या जाहिरात संस्थेने फोटोसाठी लंडनच्या हेंडन भागातले हुजूर पक्षाचे तरुण कार्यकर्ते बोलावले होते. शंभरेक येतील अशी अपेक्षा होती, आले वीसेक. मग त्याच लोकांना वेगवेगळ्या ठिकाणी उभं करून पुन्हापुन्हा फोटो काढले आणि ते जोडून लांब रांग तयार केली. चेहरे पुसट असणं ही म्हणजे अर्धी युक्ती आणि अर्धी गरज. मात्र एक भान ठेव: रांग बनावट असली तरी बेकारी खरी होती, तेव्हा बेकारांचा आकडा दहा लाखांच्या बराच वर होता. ‘फोटो खोटा, म्हणून मुद्दा खोटा’ एवढ्यावर थांबलास तर गुण जातील.

जागेबद्दल लिहिताना बहुतेक जण चौक आणि वर्दळ यांवर घसरतात. पण हे पोस्टर मोजक्याच, वीसेक ठिकाणी लागलं होतं. त्याला पसरवलं विरोधकांनी. मजूर पक्षाचे अर्थमंत्री डेनिस हीली यांनी संसदेत त्यावर टीका केली, आणि वर्तमानपत्रांनी बातमीसोबत पोस्टरच छापलं. ते लागलं १९७८ च्या उन्हाळ्यात, शरद ऋतूत निवडणूक होईल अशी हवा असताना. म्हणून ‘जागा’ या मथळ्याखाली वेळही लिही.

परिणाम लिहिताना मात्र हात आखडता घे. पंतप्रधान कॅलहान यांनी निवडणूक पुढे ढकलली, मधल्या हिवाळ्यात संपांनी देश हैराण झाला, आणि मे १९७९ मध्ये थॅचर जिंकल्या. यात पोस्टरचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय त्यांच्याच कारकिर्दीत बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. तेव्हा तोच फोटो घेऊन फक्त पक्षाचं नाव बदललं असतं, तर रांग तितकीच चपखल बसली असती. असाइनमेंटमध्ये हा प्रयोग करून बघ, आणि श्लेषाचं काय होतं तेही लिही.